भाव कधी पळत राहतो आणि कधी परत फिरतो

प्रश्न : मी कोपरखैरणेला राहतो. वडिलांचा वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. मी नोकरी सांभाळून शेअरमध्ये सौदे करतो. मूव्हिंग ॲव्हरेज बघून ट्रेंडच्या मागे गेलो की दहातले सहा-सात सौदे तोट्यात जातात. आरएसआय खाली आला की घ्यायचं आणि वर गेला की विकायचं, असं केलं की दहातले सात-आठ फायद्यात येतात, पण मग एकच सौदा सगळं घेऊन जातो. यातली बरोबर पद्धत कोणती? आणि बाजार कधी कोणत्या पद्धतीला साथ देतो, हे ओळखायचं कसं?

उत्तर :

तुमच्या दोन्ही पद्धती त्यांच्या स्वभावाप्रमाणेच वागताहेत. ट्रेंड फॉलोइंगमध्ये, म्हणजे चालू दिशेच्या मागे जाण्यात, बहुतेक सौदे तोट्यात जाणं आणि मीन रिव्हर्जनमध्ये, म्हणजे भाव सरासरीकडे परत येईल या भरवशावर घेण्यात, बहुतेक सौदे फायद्यात येऊन एखादाच मोठा फटका बसणं, हे त्या पद्धतींच्या रचनेतच आहे. म्हणून दहातले किती जिंकले हा हिशेब बाजूला ठेवून दोन गोष्टी पाहू. पैसा कुणाकडून येतो, आणि आपण चुकलो आहोत हे आपल्याला कशावरून कळतं. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

तुमच्या घरातलाच माल घेऊ. उन्हाळ कांदा मार्चपासून मेपर्यंत निघतो आणि शेतकरी तो चाळीत भरून ठेवतात. पावसाळ्यात नवा कांदा जवळपास नसतो. चाळीतलाच माल बाहेर येत राहतो, त्यातला काही सडतो, साठा घटत जातो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भाव चढू लागला की तो एका दिवसात चढून थांबत नाही. साठा खरोखर किती उरला आहे हे कुणालाच एकदम कळत नाही. आज एका अडत्याला आवक कमी दिसते, चार दिवसांनी दुसऱ्याच्या लक्षात येतं, मग ज्याच्याकडे माल आहे तो हात आखडता घेतो. माहिती हळूहळू पसरते, म्हणून भावही हळूहळू सरकतो. ट्रेंडची जननी हीच. मग ऑक्टोबरपासून लाल कांदा बाजारात उतरतो आणि भाव खाली येतो. हे मीन रिव्हर्जन, आणि ते कशामुळे होतं हे बोट ठेवून दाखवता येतं : नवं पीक. भाव फार चढला म्हणून तो उतरत नाही. गाड्या भरून माल येतो म्हणून उतरतो.

आता २०१९ आठवा. सप्टेंबरमध्ये भाव चढला, महिनाअखेरीला केंद्राने निर्यात बंद केली, आणि दरवर्षीच्या अनुभवावरून अनेकांचा अंदाज होता की लाल कांदा आला की भाव बसेल. पण त्या वर्षी पाऊस लांबला आणि उभं पीक शेतातच खराब झालं. जे पीक भाव खाली आणणार होतं तेच आलं नाही. डिसेंबरात किरकोळ बाजारात कांदा शंभरीपार गेला. सप्टेंबरात ‘आता फार झालं’ म्हणणाऱ्याला भावाच्या आलेखावर काहीच वेगळं दिसलं नसतं, कारण चढता भाव दर वर्षी तसाच दिसतो. फरक आलेखात नव्हता, शेतात होता.

शेअर बाजारातही हेच लागू आहे. भाव परत येईल असं म्हणताना त्याला परत कोण आणणार, हे सांगता आलं पाहिजे.

शेअरमध्ये भाव परत आणणारी सगळ्यात नेहमीची गोष्ट म्हणजे घाई. एखाद्या म्युच्युअल फंडाला किंवा परदेशी संस्थेला पैसे मोकळे करायचे असतात आणि दोन-तीन दिवसांत मोठा गठ्ठा विकायचा असतो. तेवढा माल घ्यायला समोर कुणी तयार नसतं, म्हणून भाव दोन-चार टक्के खाली द्यावा लागतो. कंपनीत काहीच बिघडलेलं नाही. विकणाऱ्याला घाई आहे, एवढंच. तो माल जो उचलतो त्याला घाईची किंमत मिळते आणि विक्री संपली की भाव पुन्हा जागेवर येतो. आरएसआयवर तुमचे दहातले सात-आठ सौदे जिंकतात ते बहुधा याच पैशावर. तुम्ही घाईत असलेल्या माणसाला सोय करून देता आणि त्याचा मोबदला घेता.

ट्रेंडचा पैसा वेगळ्या खिशातून येतो. निकाल अपेक्षेपेक्षा चांगले आले तरी लोक जुन्या भावाला चिकटून असतात. ज्यांना थोडा फायदा दिसतो ते लवकर विकून मोकळे होतात, म्हणून भाव एका झटक्यात योग्य जागी जात नाही. मोठे फंडही आपली खरेदी आठवडेच्या आठवडे पसरून करतात. भाव रेंगाळत रेंगाळत वर जातो आणि तुम्ही त्या रेंगाळण्यात वाटा घेता.

म्हणून एकच शेअर एका वेळी दोन्ही असू शकतो. फक्त मुदत वेगळी. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ साली अमेरिकी शेअरवर दाखवलं की मागच्या तीन ते बारा महिन्यांत जे शेअर पुढे होते ते पुढच्या तीन ते बारा महिन्यांतही सरासरीने पुढे राहिले. जेगदीश यांनीच त्याआधी, १९९० साली, दाखवलं होतं की एका महिन्याच्या मुदतीत चित्र उलटं असतं : मागच्या महिन्यात पडलेले पुढच्या महिन्यात सावरतात. आणि तीन ते पाच वर्षं बघितली तर पुन्हा उलट, हे त्याच्याही आधी १९८५ साली समोर आलं होतं. थोडक्यात काही दिवसांत परतणं, काही महिन्यांत पळणं, काही वर्षांत पुन्हा परतणं. एनएसईचा निफ्टी२०० मोमेंटम ३० हा निर्देशांकही शेअर निवडताना सहा आणि बारा महिन्यांची चाल बघतो, पाच दिवसांची नाही. त्याचं कारण हेच.

तुमच्या अडचणीचा एक भाग इथेच आहे असं मला वाटतं. नोकरी सांभाळून सौदे करणारे बरेच जण लवकर निकाल दिसावा म्हणून पाच आणि वीस दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज घेतात. ज्या मुदतीत शेअरचा भाव मुळात परत फिरतो त्या मुदतीत ट्रेंड शोधायचा म्हणजे खरेदी नेमकी माथ्यावर आणि विक्री तळावर. तुमच्या रेषा किती दिवसांच्या आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पन्नास दिवसांच्या आतल्या असतील तर पद्धत बदलण्याआधी मुदत बदलून बघा.

आता बाहेर पडण्याचा मुद्दा. यासाठी मार्च २०२० चे आकडे समोर ठेवतो, कारण दोन्ही पद्धतींचा स्वभाव त्यात अगदी उघडा पडतो.

जानेवारी २०२० मध्ये निफ्टीने १२,४३० चा उच्चांक केला. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो घसरत २८ तारखेला ११,२०० वर बंद झाला. समजा एका माणसाने इथे एक लॉट फ्युचर्स घेतला; तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ चा होता. आठवड्याभरात एवढी घसरण म्हणजे आरएसआयच्या भाषेत उत्तम संधी. (हिशेब सोपा राहावा म्हणून फ्युचर्सचा भाव निर्देशांकाइतकाच धरतो.) ९ मार्चला निफ्टी १०,४५० वर आला. संकेत आता आणखी चांगला दिसतो, म्हणून आणखी एक लॉट. १२ मार्चला ९,५९० : तिसरा लॉट. १६ मार्चला ९,२०० : चौथा. सरासरी खरेदी १०,११० ला पडली.

२३ मार्चला निफ्टी एका दिवसात १३ टक्के कोसळून ७,६१० वर बंद झाला. प्रत्येक लॉटवर सरासरी २,५०० पॉइंटचा तोटा. चार लॉट म्हणजे ३०० नग, म्हणजे साडेसात लाख रुपये. आणि हा तोटा फक्त कागदावर राहत नाही. फ्युचर्समध्ये तो रोजच्या रोज खात्यातून वळता होतो, शिवाय चढउतार वाढले की मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत, हीही वाढते. बाजाराला किती चढउतार अपेक्षित आहे हे मोजणारा इंडिया व्हिक्स त्या दिवसांत ८० च्या पुढे गेला होता. ज्याच्या खात्यात पुरेशी रक्कम नव्हती त्याची पोझिशन ब्रोकरने कापली.

पुढे काय झालं बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात निफ्टी पुन्हा १०,१०० च्या आसपास होता. म्हणजे भाव परत येईल हा त्या माणसाचा अंदाज अडीच महिन्यांनी खरा ठरला, आणि तो बघायला तो बाजारात उरलेला नव्हता.

या उदाहरणात मला एकच गोष्ट दाखवायची आहे. मीन रिव्हर्जनमध्ये भाव तुमच्या विरुद्ध जितका जातो तितकं तुमचं कारण मजबूत होत असल्यासारखं दिसतं. ११,२०० ला स्वस्त वाटलं तर ९,२०० ला तर फारच स्वस्त. म्हणजे तुम्ही चुकलात हे भाव तुम्हाला कधीच सांगू शकत नाही. साधा स्टॉपलॉस लावून हे सुटत नाही. या पद्धतीत जवळचा स्टॉपलॉस लावलात तर जे सौदे थोडे आणखी पडून सावरणार होते त्यातले बरेचसे तोट्यात कापले जातात आणि पद्धतीचा सगळा फायदा निघून जातो. जुन्या आकड्यांवर हे स्वतः करून बघा : आरएसआयच्या नियमाला तीन टक्क्यांचा स्टॉपलॉस जोडा आणि निकाल आधीच्याशी ताडून पाहा.

ट्रेंडमध्ये उलट आहे. भाव २०० दिवसांच्या सरासरीखाली गेला म्हणजे ज्या कारणासाठी घेतलं ते कारणच संपलं. बाहेर पडण्याचा नियम पद्धतीच्या पोटातच असतो. हाच नियम निफ्टीवर चालवणारा माणूस फेब्रुवारी २०२० च्या शेवटी ११,६०० च्या आसपास बाहेर पडला असता. तळ त्याला पकडता आला नसता. ७,६०० पासून ११,००० पर्यंतची सगळी उसळी त्याने बाहेर बसून बघितली असती, आणि ती बघणं सोपं नसतं. जुलैत निफ्टी पुन्हा सरासरीवर आला तेव्हा तो ११,००० च्या आसपास आत शिरला असता. त्यानंतर २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत बाहेर पडायचं ठोस कारण आलं नाही, आणि तोवर निफ्टी पाच हजारांहून जास्त पॉइंट वर होता. पण लगेच पुढचे महिने बघा. मार्च ते जुलै २०२२ मध्ये निफ्टी त्याच सरासरीच्या खालीवर होत राहिला आणि हा माणूस आत-बाहेर करत छोटे छोटे तोटे खात राहिला. ते तोटे म्हणजे या पद्धतीचं भाडं. ते भरायची तयारी नसेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

त्या भाड्याचा अंदाज आधीच घेता येतो. समजा तुमचे शंभरातले ३५ सौदे जिंकतात, जिंकलेल्यात सरासरी तीन रुपये मिळतात आणि हरलेल्यात एक रुपया जातो. शंभर सौद्यांत १०५ आले, ६५ गेले, ४० उरले. उत्तम पद्धत. पण सौदे एकमेकांपासून स्वतंत्र धरले तरी त्याच शंभरात कुठेतरी सलग आठ तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. बहुतेक जण पाचव्या-सहाव्या तोट्याला पद्धत सोडतात आणि मग मोठा सौदा त्यांच्याविना होऊन जातो. तुमच्या नोंदीत सहा-सात तोटे आहेत. प्रश्न असा विचारा की उरलेल्या तीन-चार जिंकलेल्या सौद्यांत सरासरी किती मिळाले? तोट्याच्या दुप्पटही मिळत नसतील तर तुम्ही जिंकणारे सौदे लवकर विकत असणार. त्यासाठी पद्धतीला दोष देऊ नका.

आता मीन रिव्हर्जनमध्ये भाव सांगत नाही तर चूक कशी ओळखायची? मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, घसरणीचं कारण. शेअर बातमीविना पडला आहे का? पूर्ण क्षेत्र पडलं आहे की फक्त हा एक? निकाल, नियामकाची कारवाई, ऑडिटरचा राजीनामा, प्रवर्तकांचे गहाण शेअर यांपैकी काही असेल तर ती घाईची विक्री नाही. ती माहिती आहे आणि माहितीमागे भाव पुढेही सरकत राहतो. येस बँक याचं सगळ्यात महागडं उदाहरण. ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर ४०० च्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने मुख्याधिकाऱ्यांची मुदत आटोपती घेतली आणि एका दिवसात शेअर जवळजवळ २९ टक्के पडला. तिथून पुढे प्रत्येक पायरीवर तो आधीपेक्षा स्वस्त दिसत होता. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत मला असे लोक माहीत आहेत ज्यांनी दोनशेला घेतला, शंभरला सरासरी खाली आणली, चाळीसला पुन्हा आणली. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी शेअर व्यवहारात सहा रुपयांच्याही खाली जाऊन आला. पुढे पुनर्रचनेच्या योजनेत शंभर किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकवून ठेवले गेले. म्हणजे तोटा सोसून बाहेर पडायची वाटही बहुतांशी बंद झाली. त्या शेअरला ४०० कडे परत नेणारं कोणी नव्हतं, ४०० ही फक्त आठवण होती.

याच्या अगदी उलट, परत आणणारा हात स्पष्ट दिसतो असं उदाहरण म्हणजे एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक. एप्रिल २०२२ मध्ये विलीनीकरण जाहीर झालं : एचडीएफसीच्या २५ शेअरला बँकेचे ४२. म्हणजे एका शेअरला १.६८. समजा बँकेचा भाव १,६५० आहे, तर एचडीएफसीचा हिशेबी भाव २,७७२ होतो. बाजारात तो २,७०० ला मिळत असेल तर ७२ रुपयांची दरी आहे, आणि विलीनीकरण पार पडलं की ती बुजणार हे कराराने ठरलेलं आहे. धोका होता तो मंजुरी अडकण्याचा, आणि तो धोका ओळखून त्याप्रमाणे रक्कम ठरवता येत होती. १ जुलै २०२३ ला विलीनीकरण लागू झालं. या दोन शेअरची जोडी लोक आधीपासूनच खेळायचे, पण एप्रिल २०२२ च्या आधी त्यामागे फक्त सवय होती.

दुसरी गोष्ट, वेळ. घाईची विक्री काही दिवसांत संपते. म्हणून मी खरेदी केली की दहा कामकाजाचे दिवस देतो. तेवढ्यात सावरला नाही तर भाव कितीही असो, बाहेर. माझं कारण चुकीचं होतं हे मला घड्याळ सांगतं, भाव नव्हे. दहा हा काही पवित्र आकडा नाही. तुमच्या जुन्या सौद्यांच्या नोंदी काढा आणि जिंकलेले सौदे साधारण किती दिवसांत सुटले ते बघा. त्याच्या दुपटीपलीकडे थांबण्यात सहसा काही मिळत नाही.

तिसरी, रक्कम. ट्रेंडच्या सौद्यात स्टॉपलॉस असतो, म्हणून नग त्यावरून काढता येतात. भांडवल पाच लाख, एका सौद्यात एक टक्का म्हणजे पाच हजारांची जोखीम, शेअर ८०० चा, स्टॉपलॉस ५० रुपये खाली, तर १०० नग, म्हणजे ८०,००० रुपये गुंतले. मीन रिव्हर्जनमध्ये रक्कम हाच स्टॉपलॉस. तिथे मी असा विचार करतो : उद्या सकाळी हा शेअर थेट २० टक्के खाली उघडला तर मला किती सोसवेल? दोन टक्के, म्हणजे दहा हजार, असं उत्तर असेल तर एकूण खरेदी ५०,००० च्या पुढे नाही. तुकड्यांत घ्यायची असेल तरी सगळे तुकडे मिळून ५०,०००. वर दाखवलेल्या मार्चच्या उदाहरणात बिघडलं ते नेमकं इथे : चौथा लॉट हा आधी ठरवलेल्या रकमेचा शेवटचा तुकडा नव्हता, तो तोट्याने ठरवलेला होता.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. आज बाजार कोणता आहे हे आधी ओळखण्याचं खात्रीचं साधन माझ्याकडे नाही, आणि जे इंडिकेटर ते सांगतात ते बहुतेक वेळा उशिरा सांगतात. एखादा शेअर किंवा निर्देशांक ठरावीक मुदतीत सरासरीने पळणारा आहे की परतणारा, एवढं मात्र तपासता येतं, आणि त्याला एक गुगल शीट पुरते. एनएसईच्या संकेतस्थळावरून हजार दिवसांचे बंद भाव घ्या (बोनस किंवा स्प्लिट झाला असेल तर जुळवून घ्या) आणि B2 पासून खाली भरा. C मध्ये रोजचा बदल, D मध्ये पाच दिवसांचा बदल काढा, दोन्ही सूत्रं शेवटच्या ओळीपर्यंत ओढा, आणि शेवटी गुणोत्तर काढा :

```
C3: =LN(B3/B2)
D7: =LN(B7/B2)
F1: =VAR(D7:D1001)/(5*VAR(C3:C1001))
```

यामागचा विचार सोपा आहे. आजच्या बदलाचा कालच्या बदलाशी काही संबंध नसेल तर पाच दिवसांच्या बदलाचं विचरण एका दिवसाच्या पाचपट यायला हवं, म्हणजे F1 मध्ये १ च्या आसपास उत्तर दिसेल. दिवस एकाच दिशेने साखळी धरत असतील तर ते १ च्या वर जातं; आजची चाल उद्या पुसली जात असेल तर खाली.

आता यातला धोका. हजार दिवसांच्या आकड्यांत निव्वळ योगायोगानेही हे उत्तर साधारण ०.८६ ते १.१४ च्या मध्ये कुठेही येऊ शकतं. बाजारातले चढउतार काही काळ शांत, काही काळ वादळी असतात. ते लक्षात घेतलं तर हा पट्टा आणखी रुंद होतो. म्हणून ०.९५ आलं म्हणून हा शेअर परतणारा असं समजू नका. ०.७५ आलं तर विचार करण्यासारखं आहे. मग हजार दिवसांचे दोन भाग करा आणि दोन्हीत तसंच येतं का ते बघा. एका भागात ०.७ आणि दुसऱ्यात १.१ असेल तर तुमच्या हाती काहीच लागलेलं नाही. आणखी एक : मार्च २०२० सारखे मोजकेच दिवस पूर्ण उत्तर फिरवू शकतात, म्हणून ते दिवस ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे करा.

पाचऐवजी साठ दिवस घेऊनही हेच करता येतं, पण साठ दिवसांचे वेगळे तुकडे हजार दिवसांत जेमतेम सोळा-सतरा पडतात. त्यावरून एका शेअरबद्दल काही ठरवणं मला पटत नाही. लांब मुदतीचा ट्रेंड एका शेअरवर सिद्ध होत नाही. तो अनेक शेअरवर एकत्र चालवला तरच दिसतो. म्हणून ट्रेंड एकाच शेअरवर खेळणं हे माझ्या मते सरळ चुकीचं आहे. वर्षातला मोठा सौदा पंधरा-वीस शेअरपैकी कुठे येईल हे आधी कळत नाही, त्यामुळे सगळीकडे थोडंथोडं असावं लागतं.

खर्चाचा फरकही बघा. डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, जातो. मुद्रांक शुल्क, इतर आकार आणि भावातली फट धरली तर एक फेरी साधारण पाव ते पाऊण टक्क्यात पडते, शेअर किती उलाढालीचा आहे त्यावर. ट्रेंडच्या सौद्यात तीस टक्के मिळाले तर हा खर्च जाणवत नाही. मीन रिव्हर्जनमध्ये सरासरी सौदा सव्वा टक्क्याचा असेल तर कमी उलाढालीच्या शेअरमध्ये अर्ध्याहून जास्त कमाई खर्चातच जाते. म्हणून ही पद्धत मोठ्या उलाढालीच्या शेअरपुरतीच ठेवा, आणि दहातले सात-आठ जिंकतात हे खर्च वजा करून पुन्हा मोजा. कराचंही तसंच : वर्षाच्या आत विकलं की फायद्यावर २० टक्के, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या फायद्यावर साडेबारा टक्के. ट्रेंडचे काही सौदे वर्ष ओलांडतात, मीन रिव्हर्जनचा एकही ओलांडत नाही.

तुमच्या परिस्थितीत मी काय करीन ते सांगतो. दिवसभर नोकरी आहे, म्हणजे बाजार चालू असताना बातमी तपासायला तुम्हाला वेळ नाही, आणि मीन रिव्हर्जनला ती तपासणी लागतेच. म्हणून भांडवलाचा मोठा भाग पंधरा-वीस मोठ्या शेअरवरच्या सावकाश ट्रेंडला द्या. आठवड्यातून एकदा, शनिवारी, बंद भाव बघून निर्णय घ्या. उरलेला लहान भाग आरएसआयच्या पद्धतीला ठेवा, पण चार अटींवर : शेअर २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तरच घ्यायचं, वाईट बातमी असेल तर घ्यायचं नाही, एकूण रक्कम आधी ठरवायची, आणि दहा दिवसांनी बाहेर. पहिल्या अटीमुळे फेब्रुवारी-मार्च २०२० मधली ती चारही लॉटची खरेदी आणि येस बँकेचा दोनशेच्या खालचा प्रवास, दोन्ही आपोआप टळले असते. मोबदल्यात १३ मार्च २०२० सारखे दिवस हातचे जातील. त्या दिवशी निफ्टी सकाळी ८,५५५ पर्यंत आदळला, व्यवहार ४५ मिनिटं थांबवले गेले, आणि संध्याकाळी तो ९,९५५ वर बंद झाला. तो दिवस फक्त मीन रिव्हर्जनवाल्याचा होता, आणि दहा दिवसांनी त्याच माणसाला ७,६१० बघावे लागले.

दोन्ही भागांची वही वेगळी ठेवा. ट्रेंडमध्ये घेतलेला शेअर पडला म्हणून तो ‘आता स्वस्त आहे’ असं म्हणत दुसऱ्या वहीत सरकवायचा नाही, आणि आरएसआयवर घेतलेला शेअर दहा दिवसांनीही सावरला नाही म्हणून तो ‘लांब मुदतीसाठी’ ठेवून द्यायचा नाही. घेण्याच्या दिवशी प्रत्येक सौद्यासमोर एक ओळ लिहा : भाव कशामुळे पळेल किंवा कशामुळे परत येईल, आणि ते कारण संपलं हे कशावरून कळेल. ती ओळ लिहिता आली नाही तर तो सौदा करू नका. सहा महिन्यांच्या अशा नोंदी, खर्च वजा करून, जिंकलेल्या आणि हरलेल्या सौद्यांची सरासरी काढून पाठवा. त्यावरून तुमचा ट्रेंडचा भाग मुदतीमुळे मार खातो की लवकर विकल्यामुळे, हे नक्की सांगता येईल.